हिशेब आठवड्याचा धर, ताटाचा नको

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हाच कळलं की आज परत जेवताना वाजलंय. तू लिहिलंस की बायको बटाटा, मटार, गाजर, काकडी आणि शिजलेला टोमॅटो सोडून दुसरी कुठलीही भाजी खात नाही, तू रोज ऑफिसहून येऊन भाजी करतोस, ती बाजूला सारते आणि मग तुमचं सुरू होतं. आणि वर विचारतोस, "काकू, तिला कसं समजावू?" समजावू नकोस. तिला सगळं माहीत आहे. तीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं, भाजी चांगली असते हे माहीत नाही म्हणून भाजी न खाणारा एकही मोठा माणूस मला भेटला नाही.

तुझी चूक एकच आहे, तू ताट मोजतोस. आठवडा मोज.

आता नीट ऐक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात. फळं आणि भाज्या मिळून, नुसत्या भाज्या नाही, हे लोक विसरतात. बटाटा त्यात धरत नाहीत, त्यामुळे तोही धरू नकोस. ८० ग्रॅमचा एक भाग धरला तर दिवसाला पाच भाग, आठवड्याला पस्तीस. मध्यम आकाराचं एक सफरचंद किंवा केळं म्हणजे एक भाग, मोठे तीन चमचे भरून मटार म्हणजे एक भाग. कडधान्यं कितीही खाल्ली तरी दिवसातून एकदाच मोजायची.

मग तुझ्या बायकोचा आठवडा मांडून बघू. सकाळी एक फळ आणि संध्याकाळी एक फळ, झाले चौदा. कडधान्य चार दिवस, चार. टोमॅटो घालून केलेला रस्सा पाच दिवस, माणशी एक मध्यम टोमॅटो पोटात जाईल इतका दाट, पाच. गाजर किंवा काकडी जेवणाआधी चिरून ठेवलेली, पाच दिवस, पाच. मटार तीनदा, तीन. बेरीज एकतीस! जी बाई "काहीच खात नाही" तिच्या न आवडणाऱ्या एकाही भाजीला हात न लावता एकतीस. उरले चार, त्याच्यासाठी तू रोज रात्री घर डोक्यावर घेतोस?

(फळ चावून खायचं, ज्यूस नको, गाळला की चोथा जातो आणि साखर तेवढी राहते.)

हो, मला माहीत आहे तू काय म्हणशील, पालेभाजीचं काय. बरोबर आहे. पालेभाजीतून फोलेट मिळतं, व्हिटॅमिन के मिळतं. पण फोलेट कडधान्यात भरपूर असतं, के मटारमध्येही थोडं असतं, सी फळांतून येतं, गाजरातून ए ची सोय होते, फक्त गाजराच्या जेवणात थोडं तेल-तूप असू दे, नाहीतर ते अंगी लागत नाही. म्हणजे सगळ्याला पर्याय आहे, अगदी तंतोतंत नाही, पण पुरेसा आहे. व्हिटॅमिन सी असलेल्या फळांच्या जोडीला कडधान्य खाल्लं तर त्यातलं लोहही जास्त शोषलं जातं, म्हणून त्या दिवशी संध्याकाळचं फळ जेवणाबरोबरच ठेव. कडधान्य मात्र एकदम वाढवू नकोस, पोट फुगतं आणि मग तीही यादीतून जातात. पहिल्या आठवड्यात दोनदा, मग तीनदा, मग चारदा, आणि पाणी जास्त.

आता उरलेले चार. ते वाढवायचे असतील तर आधी तिला एक प्रश्न विचार, पण जेवणाच्या टेबलावर नाही, बाहेर चालायला गेलात की विचार. तुला त्या भाजीचा वास नको होतो, कडूपणा नको होतो की ती तोंडात लिबलिबीत लागते ते नको होतं? तीन वेगळे आजार आहेत, तीन वेगळी औषधं. कोबी-फ्लॉवरचा वास नको असेल तर तू ती जास्त वेळ शिजवतोयस, जितका वेळ उकळशील तितका तो गंधकाचा वास वाढतो, बारीक चिरून मोठ्या आचेवर झटपट परत. लिबलिबीत नको असेल तर कोरडी, कडेने करकरीत होईपर्यंत भाज, झाकण नको. आणि कडू लागत असेल तर ते खरंच कडू लागतं. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या लॅबमध्ये एक पावडर उडाली, बाजूच्या सहकाऱ्याला ती कडूजहर लागली आणि फॉक्सला कसलीच चव आली नाही. जिभेतला हा फरक जन्मजात असतो. तिथे मीठ आणि थोडं तेल-तूप कडूपणा दाबतं, पण नाहीच जमलं तर ती भाजी सोड, आठवडा भरायला ती लागत नाही.

मी हे कुठून शिकले ते सांगते, नाहीतर तुला वाटेल काकू पुस्तकातलं सांगतात. आमच्याकडे हे अकरा वर्षं चाललं. मी दिवसभर पेशंटना शांतपणे समजवायचे आणि घरी नवऱ्याच्या ताटावर पहारा. मग मी हुशारी केली, भोपळा वाफवून, वाटून त्याच्या आवडत्या रश्श्यात मिसळला, न सांगता. तीन आठवडे चाललं, चौथ्या आठवड्यात त्याला कळलं. भोपळा तर गेलाच, तो रस्साही गेला, कायमचा. आजही तो माझ्या हातचं काही खाताना आधी चमच्याने तळ उलटून बघतो, आणि मी समोर बसलेली असते. भाज्यांबद्दल मी बरोबर होते, त्या वर्षांत त्याला बद्धकोष्ठ होतं, हिमोग्लोबिन खाली होतं, हे मी आजही ठासून सांगेन. पण त्याच्यावर इलाज फळांनी आणि कडधान्याने झाला, मी जिंकलेल्या एकाही भांडणाने नाही. म्हणून मिसळायचंच असेल तर सांगून मिसळ, "यात गाजर वाटून घातलंय" एवढं एक वाक्य, आणि मग गप्प.

जेवताना भाजीचा विषय नाही, कौतुकही नाही. "अरे वा, खाल्लंस!" हे म्हटलंस की तो पण पहाराच झाला. तुझ्यापुरती न आवडणारी भाजी कर, टेबलावर मध्ये ठेव, तू खा. ती कधी घेईल, कधी नाही, आणि घेतली तर कागदावर मोज, तोंडाने नको.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. तिच्या खाण्याची यादी दरवर्षी आखडत चालली असेल, वजन उतरत असेल, नवीन घास तोंडात घेतला की ओकारी येत असेल, तर ही आवडनिवड नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं. हिरड्यांतून रक्त, सततचा थकवा, तेव्हाही आधी रक्त तपास, मग स्वयंपाक बदल. किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वरचे आकडे तसेच उचलू नकोस, आधी तिथे विचार.

रविवारी दोघं बसून फ्रिजवर कागद लावा, पस्तीस रकाने, आणि रकाने तिला भरू दे, तू नाही. पहिला आठवडा वीसच भरले तरी काही बोलू नकोस. एखाद्या रात्री ताटात बटाटाच दिसला की जीभ शिवशिवेल, तेव्हा उठून कागदाकडे बघ, सोमवारची दोन फळं तिथे लिहिलेली असतील. महिन्याने चारही आठवड्यांचे कागद मला फोटो काढून पाठव, चार भाग कुठून आणायचे ते तेव्हा बघू.