फटाक्यांच्या फोटोतलं काळं आकाश स्क्रीन मोडने घालवताना

प्रश्न: दिवाळीत गच्चीवरून काढलेला शोभेच्या दारूचा फोटो मला वाईच्या कृष्णेकाठच्या घाटाच्या संध्याकाळच्या फोटोवर लावायचा आहे. फोटोशॉपमध्ये मॅजिक वाँडने काळं काढलं तर ठिणग्यांभोवती काळी किनार राहते. स्क्रीन मोड लावला तर फटाक्याभोवती फिकट चौकोन दिसतो आणि केशरी रंग गुलाबी होतो. काय करू?

उत्तर:

चौकोन आणि गुलाबी रंग ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. चौकोन दिसतो कारण तुमच्या फटाक्यामागचं आकाश खरं काळं नाही. रंग बदलतो कारण खालचा संध्याकाळचा फोटो पुरेसा काळोखा नाही.

मॅजिक वाँड मात्र या कामाला सोडूनच द्या. ठिणगीला कड नसते. मधला भाग पांढरा, मग केशरी, मग तांबूस, असं करत तिची आभा काळ्यात विरघळत जाते. त्या आभेतल्या प्रत्येक ठिपक्यात थोडा उजेड आणि थोडं काळं एकत्र मिसळलेलं असतं. कापायला गेलात की एकतर आभा जाते किंवा तिच्यातलं काळं सोबत येतं. तीच तुमची काळी किनार.

स्क्रीन मोड काहीच कापत नाही. एकाच पडद्यावर दोन प्रोजेक्टरमधून दोन चित्रं टाकली आहेत असं समजा. ज्या चित्राचा जो भाग काळा, तिथून उजेड येतच नाही, म्हणून तिथे दुसरं चित्र जसंच्या तसं दिसतं. हिशेब लाल, हिरवा आणि निळा अशा तिन्ही रंगांसाठी वेगवेगळा होतो, 0 ते 255 या मापात:

```
निकाल = 255 - (255 - वरचा) × (255 - खालचा) / 255
```

वरचा 0 असेल तर निकाल खालच्याइतकाच येतो. पण वरचा 0 असेल तरच. शहरात गच्चीवरून काढलेल्या फोटोत आकाश तसं कधीच नसतं. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आणि फटाक्यांचा धूर मिळून ते किंचित तपकिरी असतं. फोटोशॉपमध्ये F8 दाबून इन्फो पॅनल उघडा आणि माउस रिकाम्या आकाशावर न्या. समजा लाल 34, हिरवा 26, निळा 22 असे आकडे दिसले. डोळ्याला हे काळंच वाटतं. आता खाली संध्याकाळचं निळसर आकाश 40, 50, 90 असं आहे. स्क्रीननंतर ते 69, 71, 104 होतं. म्हणजे नुसतं उजळलं नाही, त्यातला निळेपणाही मळला. जिथे फटाक्याचा फोटो संपतो तिथे पुन्हा मूळ निळं सुरू होतं, आणि त्या सीमारेषेलाच तुम्ही चौकोन म्हणता आहात.

म्हणून आधी काळं खरोखर काळं करायचं. फटाक्याच्या लेयरवर लेव्हल्सचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या आणि Ctrl+Alt+G दाबून तो फक्त त्या लेयरला बांधा, नाहीतर घाटाचा फोटोही काळवंडेल. लेव्हल्समध्ये तीन ड्रॉपर असतात. त्यातला काळा घेऊन रिकाम्या आकाशावर क्लिक करा. तो तिन्ही रंगांचा काळा बिंदू वेगवेगळा बसवतो, त्यामुळे तपकिरी झाक निघून जाते. नुसता एकत्र स्लायडर सरकवलात तर निळा शून्यावर येईपर्यंत लाल अजून बाकी असतो, आणि चौकोन तांबूस होऊन तिथेच राहतो.

क्लिक कुठे करता याला महत्त्व आहे. फोटोच्या खालच्या बाजूला, क्षितिजाजवळ, आकाश वरच्यापेक्षा उजळ असतं. जिथे ते सर्वांत उजळ आहे पण ठिणगी नाही, अशी जागा निवडा. शिवाय जास्त आयएसओचा फोटो असेल तर त्यात दाणे असतात आणि काही दाणे सरासरीपेक्षा वर राहतात. ते स्क्रीननंतर नसलेल्या चांदण्यांसारखे दिसतात. म्हणून ड्रॉपरने आलेले आकडे प्रत्येक रंगात आणखी चार-पाचने वाढवा. वरच्या उदाहरणात मी 38, 30, 26 ठेवीन.

त्याहून पुढे जाऊ नका. फटाक्याच्या लांब लोंबणाऱ्या शेपट्यांची टोकं 50-60 च्या आसपास मंद असतात. काळा बिंदू वाढवत नेलात की आधी त्याच जातात आणि फुललेला गोळा कात्रीने छाटल्यासारखा दिसतो. धूर बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतो, त्यामुळे लेव्हल्सने धूर घालवायचा हट्ट करू नये. धुरासाठी फटाक्याच्या लेयरला मास्क द्या आणि मोठ्या, मऊ काळ्या ब्रशने, ब्रशचा फ्लो 10-15 टक्के ठेवून, शेपट्यांच्या बाहेरचा धूर हलके पुसा. थोडा धूर राहिला तर राहू द्या. आतषबाजीच्या खाली धूर असतोच, आणि तो पूर्ण गेला की फटाका चिकटवल्यासारखा वाटतो. मास्क फोटोच्या चारही कडांकडेही मऊ पुसत न्या, म्हणजे एखादा आकडा सुटला तरी सरळ रेषा उमटणार नाही.

चौकोन खरंच गेला का, हे पडद्याकडे बघून ठरवू नका. मी एकदा सोसायटीच्या दिवाळी शुभेच्छापत्रासाठी असंच चित्र केलं होतं. माझ्या मॉनिटरवर स्वच्छ होतं, पण ते लोकांच्या मोबाइलवर गेल्यावर डाव्या कोपऱ्यात ठळक चौकोन दिसत होता. तेव्हापासून मी सगळ्यात वर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर टाकतो आणि त्यातली रेषा काळ्या टोकाजवळ खूप वर उचलतो. चित्र भयंकर दिसतं, पण अंधारातला दोन-चार आकड्यांचा फरकही उघडा पडतो. दुरुस्त झालं की तो लेयर काढून टाकायचा.

आता रंग. तुमची केशरी ठिणगी 200, 60, 20 आहे असं धरा. 40, 50, 90 वर स्क्रीन केल्यावर ती साधारण 209, 98, 103 होते. लालात फारशी वाढ नाही, पण हिरवा आणि निळा खालच्या आकाशातून भरला गेला, आणि निळा तर हिरव्याच्याही पुढे गेला. केशरीतला निळा वाढला की गुलाबी दिसणारच. तीच ठिणगी 15, 18, 30 अशा खोल रात्रीवर ठेवली तर 203, 74, 48 येते. ती अजून केशरीच आहे. म्हणजे सरळ उपाय हा, की घाटाचा फोटो कर्व्ह्जने रात्रीकडे न्या, निदान फटाका जिथे फुटणार आहे तिथलं आकाश तरी. हे दिसायलाही बरोबर आहे. आतषबाजीच्या वेळी आकाश इतकं उजळ असेल तर कॅमेऱ्यातही ती फिकीच येते.

संध्याकाळचा निळा रंग तुम्हाला राखायचाच असेल, तर स्क्रीन सोडून काळ्याला पारदर्शक करण्याचा मार्ग घ्या. गिंप फुकट मिळतं. त्यात आधी वर सांगितल्याप्रमाणे काळं शुद्ध करा, मग Colors > Color to Alpha उघडून रंग काळा निवडा. प्रत्येक ठिपक्यात जितका उजेड तितकी अपारदर्शकता, असं ते करतं. हा लेयर नॉर्मल मोडमध्ये त्याच निळ्या आकाशावर ठेवला तर ठिणगी साधारण 209, 71, 39 येते. केशरी टिकलं, कारण ठिणगीच्या मागचं आकाश बरंचसं झाकलं गेलं. शुद्ध प्रकाशाच्या हिशेबाने स्क्रीन जास्त खरा आहे, पण डोळ्याला हा परिणाम भरीव वाटतो. मला उजळ आकाशावर हाच आवडतो.

याच मार्गाचा आणखी एक उपयोग आहे. स्क्रीन लावून, खालचा फोटो लपवून, पारदर्शक पीएनजी काढायचा प्रयत्न बरेच जण करतात आणि काळं पुन्हा दिसलं की गोंधळतात. स्क्रीन म्हणजे फक्त खालच्या चित्राशी मिसळण्याची रीत आहे. खाली काही नसेल तर मिसळायला काही नाही, आणि फटाका आपल्या काळ्यासकट उभा राहतो. सुटा पीएनजी हवा असेल तर Color to Alpha च वापरा. असंच काळं आणखी एका ठिकाणी परत येतं. तीन-चार फटाक्यांचे लेयर एका ग्रुपमध्ये टाकलेत आणि ग्रुपचा मोड नॉर्मल असेल, तर स्क्रीन ग्रुपच्या आतच अडकतो. ग्रुपचा मोड Pass Through ठेवा, किंवा ग्रुपलाच स्क्रीन द्या.

घाटाच्या फोटोत दोन गोष्टी मात्र हाताने कराव्या लागतील. ढोल्या गणपतीचं देऊळ चौकटीत असेल तर फटाका त्याच्या मागे फुटला पाहिजे. कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे हे स्क्रीनला कळत नाही, तो देवळाच्या भिंतीवरही ठिणग्या उमटवतो. देवळाची बाह्यरेषा पेन टूलने काढून मास्कमध्ये काळी भरा. इथे कड मऊ नको, दगडाइतकीच टणक हवी. दुसरी गोष्ट कृष्णेचं पाणी. फटाक्याच्या लेयरची प्रत घेऊन Flip Vertical करा आणि पाण्याच्या रेषेच्या वर तो जितका आहे साधारण तितकाच खाली न्या. मग 90 अंशांत मोशन ब्लर देऊन उभा ओढा, ओपॅसिटी 40 टक्क्यांच्या आसपास आणा आणि मास्कने फक्त पाण्यापुरता ठेवा.

गाड्यांच्या दिव्यांच्या रेषांचं विचारलं नाहीत, पण डोंगरातल्या घाटरस्त्याच्या वळणांचे असे फोटो एकावर एक रचणार असाल तर तिथे स्क्रीन नको, लायटन वापरा. त्या फोटोंत रस्ता आणि कठडाही थोडा उजळलेला असतो आणि स्क्रीनमध्ये प्रत्येक फोटोगणिक तो साठत जातो. दहा फोटोंनंतर रात्रीचा रस्ता धुक्यात असल्यासारखा पांढुरका होतो. लायटन बेरीज करत नाही, दोघांतला जास्त उजळ आकडा तेवढा ठेवतो, म्हणून रस्ता जागच्या जागी राहतो आणि रेषा तेवढ्या वाढतात. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर असावा आणि सगळे फोटो एकाच एक्स्पोजरचे असावेत.