बिल ऑफ एन्ट्रीतला खर्च आणि न धरायचा खर्च

पत्र : मी सांगलीची. बी.कॉम. करून कुपवाड एमआयडीसीत पंपाच्या कारखान्यात कॉस्टिंगला ट्रेनी आहे. कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या सीएचएकडून आलेल्या बिल ऑफ एन्ट्रीतून, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदातून, एचएसएन कोड, किंमत आणि ड्युटी काढून कॉस्ट शीटमध्ये भरते. एकूण ड्युटी मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटली, तर साहेबांनी शीट परत केली. हे नुसतं टायपिंगचं काम आहे का? यात राहू की सोडू?

उत्तर : टायपिंगचं असतं तर शीट परत आली नसती. तुमची चूक नेमकी कुठे झाली असेल ते आधी पाहू, नोकरीचं नंतर.

सोयीसाठी गोल आकडे घेते. एका बिलात दोन वस्तू आहेत: 500 मेकॅनिकल सील, असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे कस्टम जिच्यावर ड्युटी लावतं ती किंमत, 6,00,000 रुपये, आणि बेअरिंग, 4,00,000 रुपये. सीलवर बेसिक कस्टम्स ड्युटी 7.5 टक्के धरली तर 45,000. तिच्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, 4,500. आता 6,00,000 मध्ये हे दोन्ही मिळवून येणाऱ्या 6,49,500 वर 18 टक्के आयजीएसटी, 1,16,910. बेअरिंग मुक्त व्यापार कराराखाली, मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर आलेत, म्हणून बेसिक ड्युटी शून्य, सरचार्जही शून्य, आणि आयजीएसटी 72,000. पहिल्या पानावर एकूण ड्युटी दिसते 2,38,410.

तुमच्या पद्धतीने यातला 60 टक्के वाटा सीलवर पडतो, म्हणजे नगामागे 286 रुपये. खरा आकडा 99 आहे. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे तो मालाच्या किमतीत धरत नाहीत. (क्रेडिट अडलेलं असेल तर धरतात, ते अकाउंट्सला विचारून घ्या.) उरले 49,500, आणि ते सगळे सीलचे. बेअरिंगच्या वाट्याला छदामही येत नाही, तुम्ही मात्र त्यावर 95,364 चढवलेत.

म्हणून बेरजेचं पान शेवटी, ताळा जुळवायला उघडायचं. आकडे घ्यायचे ते ड्युटीच्या भागातून, वस्तूगणिक. तिथे AMOUNT च्या शेजारी DUTY FG असा रकाना असतो. तो सवलतीमुळे सोडून दिलेल्या ड्युटीचा. बेअरिंगचाही मूळ दर 7.5 टक्के धरला तर त्यांच्या बेसिक ड्युटीसमोर तिथे 30,000 दिसतील. पीडीएफमधून कॉपी करताना रकाने सरकतात आणि न भरलेले पैसे भरल्यासारखे शीटमध्ये येतात. त्यामुळे प्रत्येक ओळीचा आयजीएसटी स्वतः काढून बिलातल्या आकड्याशी पडताळा. C मध्ये असेसेबल व्हॅल्यू, D मध्ये बेसिक ड्युटी, E मध्ये सरचार्ज, F मध्ये आयजीएसटीचा दर 18% असा, टक्क्याच्या चिन्हासह असेल तर:

```
=ROUND((C2+D2+E2)*F2,2)
```

रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा. हजारांत फरक आला तर रकाना सरकलाय, किंवा त्या वस्तूवर अँटी-डम्पिंगसारखी आणखी एखादी ड्युटी आहे.

दुसरा सापळा असेसेबल व्हॅल्यूचाच. ती खरेदी किंमत नव्हे. तिच्यात भाडं आणि विमा आधीच मिळवलेला असतो, आणि डॉलरचा दर कस्टमने जाहीर केलेला असतो, तुमच्या बँकेने लावलेला नव्हे. शिवाय भाड्याचा आकडा मिळाला नाही तर नियमाने एफओबी, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा सोडून असलेल्या किमतीच्या 20 टक्के आणि विम्याचा नसेल तर 1.125 टक्के धरतात, प्रत्यक्षात खर्च कितीही झालेला असो. असेसेबल व्हॅल्यूलाच खरेदी धरून वर फॉरवर्डरचं बिल जोडलं की भाडं दोनदा लागतं. कॉस्ट शीटमध्ये खरेदी इन्व्हॉइसवरून, भाडं फॉरवर्डरच्या बिलावरून आणि बिल ऑफ एन्ट्रीतून फक्त ड्युटी. असेसेबल व्हॅल्यू बाजूच्या रकान्यात, पडताळणीपुरती.

कोडचा रकाना टेक्स्ट ठेवा. आपल्या तासगावच्या बेदाण्याचा कोड 08062010, पण एक्सेल पुढचं शून्य खातं आणि आठ अंकांचे सात होतात. तुमच्या पंपाच्या मालात ही अडचण येणार नाही, पण उद्या नोकरी कोल्ड स्टोरेजवाल्याकडे लागली तर येईल.

राहायचं का? माझं मत, दोन वर्षं राहा आणि सोबत सीएमए इंटरमीडिएटला नाव घाला. पदवीधरांना तिथे थेट प्रवेश आहे आणि अभ्यासक्रमात कस्टम्सही येतं. सीएचएकडे जायचं तर बहुतेक पनवेल-न्हावा शेवाकडे बिऱ्हाड हलवावं लागेल, कॉस्टिंग सांगलीत राहून होतं.

तोवर एक करून पाहा. मागच्या वर्षभरातल्या बिलांवर त्याच सीलचा कोड काय लागलाय ते एका शीटवर काढा. एखाद्या बिलात 84842000 आणि दुसऱ्यात 8413 91 खाली पंपाचा सुटा भाग, असं सापडू शकतं. मेकॅनिकल सीलला टॅरिफमध्ये स्वतःचं शीर्षक आहे, त्यामुळे ते पंपात बसत असले तरी पंपाच्या भागात जात नाहीत. असं सापडलं तर शीटमध्ये कोड परस्पर दुरुस्त करू नका. बिलात आहे तोच ठेवा, शेजारी शेरा लिहा आणि बिल क्रमांकासह साहेबांना दाखवा.