बिबड्यांचे रिव्ह्यू: लिहून द्यायचं काय, नाही काय

भाऊ, तुझ्या बिबड्या पापडांच्या वेबसाईटसाठी तू माझ्याकडे दहा रिव्ह्यू लिहून मागितलेस. पान कसं दिसेल ते बघायला मी दोन लिहून देतो, पण नावाच्या जागी ‘नमुना’ टाकेन आणि पान लाईव्ह करायच्या आधी ते काढायचेच. ‘सुनीता, भुसावळ’ असं खोटं नाव टाकून दहा मागतोस ते नको. सगळे एकाच दिवशी, सगळ्यात ‘अप्रतिम चव’, लोक लगेच ओळखतात आणि कायद्यानं ती ग्राहकाची फसवणूकच.

त्यापेक्षा पार्सल पोचलं की आठवड्यानं सगळ्याच गिऱ्हाइकांना, फक्त खुश असलेल्यांना नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर विचार, तळल्यावर फुलली का, तुकडे किती निघाले? एकीनं ‘चव भारी पन चुरा लई’ लिहिलं तर शुद्धलेखन तिला विचारून सुधार, चुऱ्याची तक्रार मात्र तशीच ठेव, आणि हो, पॅकिंगही बदल.