हॉस्पिटलच्या रिव्ह्यूमध्ये घड्याळ आणि बिल काय सांगतं

प्रश्न: वडील आठवडाभर ॲडमिट होते, कालच घरी आणलं. बिल, सिस्टरांचं लक्ष, स्वच्छता आणि डिस्चार्ज याबद्दल रिव्ह्यू लिहायचा आहे. उपचार बरोबर की चूक, ते मला कळत नाही आणि त्यावर बोलायचंही नाही. मग लिहू काय आणि कसं?

उत्तर: आईच्या वेळी मी पहिला मसुदा डिस्चार्जच्या रात्रीच लिहिला होता. त्यात ‘लूट’ हा शब्द तीनदा आणि ‘कुणाला काही पडलेली नाही’ हे वाक्य दोनदा होतं. चार दिवसांनी फायनल बिल पुढ्यात ठेवून पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्याच्या उपयोगाचं त्यात एक अक्षर नाही. नशिबाने मी मोबाईलमध्ये वेळा टिपत होते, रात्री जागं राहायला तेवढंच काम होतं. त्या टिपणांवरून रिव्ह्यू नव्याने लिहिला.

सगळ्यात जास्त जागा मी डिस्चार्जला दिली, कारण माझ्या बिलाचं गाऱ्हाणं तिथेच अडकलेलं होतं. आई सोमवारी रात्री 11:20 ला ॲडमिट झाली आणि शनिवारी संध्याकाळी 5:10 ला बाहेर पडली. माझ्या हिशोबाने हे पाच दिवससुद्धा पुरते भरत नाहीत. बिलात खोलीभाडं मात्र सहा दिवसांचं. काउंटरवर विचारलं, तर त्यांनी ॲडमिशनच्या वेळी मीच सही केलेला फॉर्म काढून दाखवला. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरला जाईल आणि दुपारी 12 नंतर सुटल्यास डिस्चार्जचा दिवसही पूर्ण लागेल, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे सोमवारची चाळीस मिनिटं हा एक पूर्ण दिवस. नियम लेखी होता, त्यामुळे ‘फसवलं’ असं मी म्हणू शकत नाही. पण सही घेताना तो तोंडी कुणी सांगितला नाही, हे म्हणू शकते. रिव्ह्यूत तेवढंच लिहिलं.

शनिवारचा दिवस मात्र मी सोडला नाही. डॉक्टर राउंडला 9:30 ला आले आणि ‘आज घरी जा’ म्हणाले. समरी टाइप होऊन सही व्हायला 11:30 झाले, फाईल वॉर्डातून बिलिंगला पोचली 11:45 ला. मग न वापरलेली औषधं आणि सलाईनच्या बाटल्या फार्मसीला परत गेल्या, त्यांची रक्कम वजा होऊन बिल तयार झालं आणि 1:40 ला कागद विमा कंपनीकडे रवाना झाले. मंजुरी आली 4:15 ला. त्यानंतर पैशांचा हिशोब मिटला, 4:50 ला आईच्या हातातली सुई काढली आणि समरी हातात पडली.

पहिल्या मसुद्यात मी ‘डिस्चार्जला आठ तास लावले’ असं ठोकून दिलं होतं. वेळा एकाखाली एक मांडल्यावर चित्र बदललं. 1:40 ते 4:15 ही विमा कंपनीची वाट होती, तिचं खापर हॉस्पिटलवर फोडणं बरोबर नाही. त्याआधीचे चार तास दहा मिनिटं मात्र पूर्णपणे त्यांचे, आणि त्यातच दुपारचे बारा उलटून गेले. त्यांच्या उशिराने आमच्यावर एक दिवसाचं भाडं चढलं. मी या वेळा कागदावर लिहून बिलिंगच्या सुपरवायझरांसमोर ठेवल्या, तेव्हा त्यांनी शनिवारचं भाडं काढलं. रिव्ह्यूत हेही लिहिलं, कारण चूक दुरुस्त झाली असेल तर ते न सांगणं म्हणजे अर्धं खोटंच. शिवाय पुढच्या नातेवाइकाला कळतं की विचारलं तर ऐकून घेतात.

तुमच्याही बिलात ‘इतर साहित्य’ किंवा तशीच एखादी ठोक ओळ असेल. तिथे जपून लिहा. हातमोजे इतके कशाला लागले, हा प्रश्न मनात येतो, पण किती लागायला हवेत हे तुम्हाला-मला माहीत नाही. आपण एवढंच सांगू शकतो की तपशील बिलात होता की नव्हता, मागितल्यावर मिळाला का आणि किती वेळाने. मला चाळीस मिनिटांनी मिळाला. एक गोष्ट मात्र आपल्याला नक्की तपासता येते, ती म्हणजे परत केलेली औषधं. देताना मी यादीचा फोटो काढला होता. तीन वस्तूंपैकी एक वजा व्हायची राहिली होती, ती दाखवल्यावर लगेच वजा केली.

सिस्टरांबद्दल लिहिताना ‘लक्ष देत नाहीत’ किंवा ‘खूप प्रेमळ’ यापेक्षा बेल उपयोगी पडते. मी चौदा वेळा बेल दाबल्याची नोंद आहे. दहा वेळा पाच मिनिटांच्या आत कुणीतरी आलं, तीन वेळा पंधरा मिनिटांच्या आत. एकदा पंचवीस मिनिटं लागली आणि ती वेळ होती रात्री 7:50, म्हणजे ड्यूटी बदलायची. एक पाळी दुसरीला पेशंटची माहिती देत असते, तेव्हा बेल मागे पडते. पण त्या वेळी बेल कोण बघणार हे ठरलेलं असायला हवं, आणि तिथे ते दिसलं नाही. तक्रार पाळीच्या व्यवस्थेची आहे, त्या दोघी सिस्टरांची नाही. म्हणून नावं लिहिली नाहीत.

औषधाच्या वेळेचंही तसंच. ‘उशिरा औषध दिल्यामुळे त्रास वाढला’ हे वाक्य मी खोडलं, कारण ‘त्यामुळे’ हा शब्द माझ्या अधिकारातला नाही. ‘बाराला देतो म्हणाले, पावणेदोनला दिलं, उशिराचं कारण सांगितलं नाही’ एवढं ठेवलं. तुमच्या मसुद्यातही ‘त्यामुळे’ शोधा, उपचारांवरची बहुतेक विधानं त्याच्याच मागे दडलेली सापडतील.

स्वच्छतेवर माझी तीनच वाक्यं होती. खोली रोज दोनदा पुसली जायची. कचऱ्याचा डबा पहिल्या दोन रात्री भरून वाहत होता, सांगितल्यावर सुधारलं. आणि बाथरूमच्या दारामागच्या तक्त्यावर दुपारी 2 वाजता संध्याकाळी 6 ची सही आधीच झालेली होती. या तिसऱ्या वाक्यावर मी काही भाष्य केलं नाही, नुसता तक्त्याचा फोटो जोडला.

सुरुवातीला दोन ओळींत हे सांगा: वॉर्ड की स्वतंत्र खोली, किती दिवस, आधी ठरवून की अचानक ॲडमिट, पैसे रोख की विम्यातून. विमा नसलेल्याला माझ्या शनिवारच्या दुपारचा काहीच उपयोग नाही, हे त्याला पहिल्याच ओळीत कळू दे. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, वडिलांना विचारल्याशिवाय तर नकोच.

बिलाचा फोटो टाकणार असाल तर नाव, पेशंट नंबर आणि बारकोड झाका. मी बारकोड विसरले होते, भाच्याने फोन करून सांगितल्यावर फोटो बदलला.