लेकीच्या कोर्सला रजा कुठली टाकायची?

"सर, आमची मुलगी कणकवलीजवळच्या एका अनुदानित कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, तिसरं वर्ष चालू आहे. कलिन्याला तिचा फॅकल्टी इंडक्शन कोर्स लागलाय, 6 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. ऑफिसातले हेडक्लार्क म्हणतात ईएल टाका नाहीतर बिनपगारी जा. एवढी ईएल तिच्याकडे आहे का तेच माहीत नाही, आणि सगळी रजा तिथेच गेली तर पुढे आंगणेवाडीच्या जत्रेला घरी यायला एक दिवस तरी उरेल का? ती सरांना विचारायला लाजते. काय करायचं?"
— एक वडील, मालवण तालुका

नमस्कार काका,

ईएल अजिबात टाकू नका, निदान आत्ता तरी नाही. आणि जत्रेचं टेन्शन तर घेऊच नका, ती तारीख देवीचा कौल लागल्यावरच ठरते, ती लागली की एक सीएल टाकून ती येऊ शकते, फक्त त्या सीएल शिल्लक राहतील असं आत्ता करायला हवं.

सीएल, ईएल, आजारपणाची रजा या सगळ्या तिच्या स्वतःच्या कामासाठीच्या रजा, तिच्या खात्यातून वजा होणाऱ्या. ड्युटी लीव्ह, म्हणजे ऑफिसच्या भाषेत कर्तव्य रजा, ही नावाला रजा आहे पण माणूस कामावरच धरला जातो, फक्त काम दुसरीकडे चाललेलं असतं. पगार पूर्ण चालू राहतो आणि खात्यातली एकही रजा कापली जात नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत एका शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त 30 दिवस ड्युटी लीव्ह देता येते असं लिहिलंय, आणि ती कशासाठी द्यायची या यादीत ओरिएंटेशन, रिफ्रेशर आणि फॅकल्टी इंडक्शन ही नावंच आहेत. म्हणजे हेडक्लार्कसाहेबांशी वाद घालायची गरज नाही, ते पान झेरॉक्स काढून अर्जाला लावलं की झालं.

आता ईएल गेली तर किती जाते ते बघा. कॉलेजच्या शिक्षकांना उन्हाळी सुट्टी मिळते म्हणून ईएल कमी मिळते, यूजीसीच्या हिशोबाने नोकरीच्या दिवसांचा तिसावा भाग, म्हणजे वर्षाला साधारण 12. कोर्स 28 दिवसांचा, म्हणजे दोन वर्षांहून जास्त जमवलेली रजा एका महिन्यात उडाली. आणि हा कोर्स काय ती हौसेने करत नाहीये, पुढच्या प्रमोशनला, म्हणजे कॅसला, तो लागतोच.

दिवस मोजताना एक गोष्ट सगळेच विसरतात. कोर्स 6 तारखेला सकाळी सुरू होतो, म्हणजे 5 ला कणकवलीहून गाडी पकडून ती निघणार, आणि 2 फेब्रुवारीला संध्याकाळी संपल्यावर परतीचा दिवस 3. कोर्सचे 28 आणि प्रवासाचे 2 असे बरोबर 30 झाले, मधले रविवार आणि 26 जानेवारी धरून. अर्जात 6 ते 2 एवढंच लिहिलं तर 5 आणि 3 या दोन तारखा मस्टरवर मोकळ्या राहतात आणि मग तिथे सीएल चढवतात. आता कोटा पूर्ण संपला म्हणजे त्याच शैक्षणिक वर्षात दुसऱ्या एखाद्या सेमिनारला ड्युटी लीव्ह मागता येणार नाही. जूनपासून आत्तापर्यंत तिने कुठल्या वर्कशॉपला दोन दिवस घेतले असतील तर ते आधी ऑफिसात विचारून घ्यायला सांगा, कारण तसं असेल तर एकूण 32 होतील आणि वरच्या दोन दिवसांना दुसरी रजा जोडावी लागेल. जोडता येते, ड्युटी लीव्हला ईएल किंवा सीएल लावायला मनाई नाही.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने, विभागप्रमुखांची शिफारस घेऊन. मजकूर फार मोठा नको, मी असा लिहून देतो माझ्याकडे येणाऱ्यांना:

"विषय: फॅकल्टी इंडक्शन कार्यक्रमासाठी कर्तव्य रजा मंजूर करण्याबाबत. माझी वरील कार्यक्रमासाठी निवड झाली असून कालावधी 6 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आहे. प्रवासासह 5 जानेवारी ते 3 फेब्रुवारी ही 30 दिवसांची कर्तव्य रजा मंजूर करून मला 4 जानेवारीच्या कामकाजानंतर कार्यमुक्त करावे, ही विनंती. या शैक्षणिक वर्षात मी याआधी कर्तव्य रजा घेतलेली नाही. माझ्या तासिकांची पर्यायी व्यवस्था सोबत जोडली आहे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे हां. प्राचार्यांना रजा द्यायची नसते असं नाही, त्यांना तास कोण घेणार याची चिंता असते, आणि जानेवारीत सेमिस्टर चालू असतं. म्हणून एक साधा तक्ता करायचा, वार, वर्ग, तास, कोण घेणार, आणि त्या त्या सहकाऱ्याची सही. सह्यांसकट तक्ता गेला की अर्ध्याहून जास्त काम होतं. सोबत निवडपत्र आणि कोर्सचं माहितीपत्रक लावायचं.

अर्ज दिला की आवकचा शिक्का मारलेली एक प्रत स्वतःकडे. "जा गं, बघू नंतर" असं तोंडी ऐकून ती निघाली तर घोटाळा होतो, कारण पगारबिल करणारा माणूस मस्टर बघतो, प्राचार्य काय बोलले ते त्याला माहीत नसतं. जावक क्रमांक असलेला मंजुरी आदेश हातात आल्याशिवाय गाडीत बसू नको म्हणावं. लाजण्यासारखं यात काही नाही, आणि हो, हे तिनेच मागायचं, तुम्ही ऑफिसात फोन केलात तर तिचंच हसं होईल, राग मानू नका.

कोर्स चालू असताना मध्येच घरी दोन दिवस यायचं असेल तर ते दिवस ड्युटीत धरले जात नाहीत, आणि हजेरी कमी पडली तर सर्टिफिकेट अडकतं, मग केलेल्या सगळ्याचा उपयोग शून्य. परत आल्यावर 4 तारखेला रुजू अहवाल द्यायचा, त्याला हजेरीचा दाखला आणि सर्टिफिकेटची प्रत. मग महिन्याभराने जाऊन सेवापुस्तकात नोंद "कर्तव्य रजा" अशीच झाली का ते स्वतः डोळ्यांनी बघायचं. तिथे ईएल लिहिलेलं सापडलं तर लगेच आदेशाची प्रत लावून दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, चार वर्षांनी कॅसची फाईल करताना कळलं तर तोवर क्लार्कही बदललेला असतो.

ती नियमित मंजुरीच्या जागेवर आहे असं धरून मी हे लिहिलंय. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असती तर मानधन घेतलेल्या तासांवरच मिळतं, तिथे हा सगळा हिशोब लागू पडत नाही.

आणि समजा प्राचार्य म्हणाले की सेमिस्टरमध्ये महिनाभर सोडणं शक्यच नाही, तर भांडत बसू नये. नकार लेखी मागावा आणि मे महिन्यातली बॅच बघावी. फक्त "सुट्टीच आहे, मग अर्ज कशाला" असं करू नका म्हणावं. सुट्टीत ड्युटी केली तर त्या दिवसांचा एक तृतीयांश भाग ईएल म्हणून खात्यात जमा करायची तरतूद त्याच नियमावलीत आहे, 28 दिवसांचे साधारण 9 होतात, पण त्यासाठी सुट्टी सुरू व्हायच्या आधी काढलेला ड्युटीचा आदेशच लागतो.