अकादमी की ऑलिम्पियाड? आधी विमा कोणाचा आहे ते पाहा

प्रश्न: मॅडम, मी नाशिकला एका कंपनीत सुपरवायझर आहे, वय 41. हातात पगार 72 हजार. घराच्या कर्जाचा हप्ता 23 हजार, अजून 24 लाख बाकी. घरखर्च 37 हजार. बायको घर सांभाळते. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. मुलगा डावखुरा स्पिनर आहे, शाळेच्या टीममध्ये खेळतो. पुण्याच्या एका निवासी क्रिकेट अकादमीत त्याला जागा मिळतेय, वर्षाला 3 लाख. त्याच वेळी इथल्या एका क्लासने ‘सायन्स ऑलिम्पियाड कॅम्प’साठी त्याची निवड केलीय, सुट्टीतले 21 दिवस, 85 हजार. तो 2 वर्षांचा असताना मी त्याच्या नावाने चाइल्ड पॉलिसी काढली होती. वर्षाला 60 हजार, 20 वर्षं, शेवटी 20 लाख मिळतील. 11 हप्ते झालेत. आता सरेंडर केली तर 5 लाख 40 हजार मिळतात. एजंट म्हणतात, ती मोडा, अकादमीची फी भरा आणि उरलेल्यातून नवी युलिप घ्या, वर्षाला 1 लाख, मुलगा 18 चा होईपर्यंत 20 लाख होतील. माझा स्वतःचा विमा कंपनीकडून 10 लाखांचा आहे. मुलाने वहीत दोन्ही बाजू लिहून काढल्यात, त्या पानाचा फोटो जोडतोय. पैसे कुठे घालावेत?

उत्तर: तुमच्या मुलाचं पान मी दोनदा वाचलं. डावीकडे ‘क्रिकेट’: रोज टर्फवर बॉलिंग, खऱ्या मॅच, हॉस्टेल. त्याखाली ‘पप्पांचे 3 लाख’, आणि त्या ओळीवर पेन इतकं दाबून फिरवलंय की कागद फाटायला आलाय. उजवीकडे ‘ऑलिम्पियाड’: प्रयोग करायला मिळतील, घरी राहता येईल, 85 हजार. सगळ्यात खाली ‘दोन्ही नको, पैसे वाचतील’ असं लिहून खोडलंय. तेरा वर्षांचा मुलगा घराचा हिशोब मांडतोय, पण त्याच्यासमोर ठेवलेले आकडेच चुकीचे आहेत. ते दुरुस्त करू. मात्र त्याआधी तुम्ही जे विचारलंच नाही, तिथे मला जास्त वेळ द्यावा लागणार आहे.

पॉलिसी ‘त्याच्या नावाने’ आहे, म्हणजे विमा त्याच्या आयुष्यावर आहे. घरात कमावणारे एकटे तुम्ही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून एक रुपयाही येणार नाही, उलट पुढचे हप्ते कोण भरणार हा प्रश्न उभा राहील. प्रीमियम वेव्हरचा रायडर असेल तर हप्ते माफ होतात आणि पॉलिसी चालू राहते. तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये तो आहे का, हे आजच पाहा. नसेल तर 11 वर्षं तुम्ही मुलाच्या शिक्षणाची सोय समजून जे भरत आलात, ते तुमच्या पगारावरच टांगलेलं आहे.

मग उरतो कंपनीचा 10 लाखांचा विमा. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 60 हजार लागतात, म्हणजे ते पैसे 17 महिने पुरतील. नोकरी बदलली की तेही जातील. तुमची खरी गरज ढोबळ मोजू. घरखर्च वर्षाला साडेचार लाख, 20 वर्षांचे 90 लाख. कर्ज 24 लाख. दोन मुलांच्या शिक्षणासाठी 30 लाख धरा. दीड कोटीच्या आसपास आकडा येतो. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर साठीपर्यंतचा दीड कोटींचा शुद्ध टर्म इन्शुरन्स वर्षाला साधारण 25 ते 30 हजारांत बसतो. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर 2025 पासून उठला आहे. फॉर्म भरताना ‘विवाहित महिला संपत्ती कायद्या’खाली पॉलिसी घ्या, म्हणजे ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे काम सगळ्यात आधी व्हायला हवं. मेडिकल आणि कागदपत्रांत वेळ जातो.

आता एजंटचं म्हणणं. पाच वर्षं दरसाल 1 लाख भरायचे, म्हणजे 5 लाख, आणि त्याचे 20 लाख होणार? युलिप म्हणजे विम्याबरोबर पैसे बाजारात गुंतवणारी पॉलिसी. ती विकताना कंपनीला 4 आणि 8 टक्के परतावा धरून लाभाचा तक्ता द्यावाच लागतो. तो मागा. 8 टक्क्यांनी, एकही खर्च वजा न करता, तुमच्या 5 लाखांचे जेमतेम 6 लाख 34 हजार होतात. 12 टक्के धरले तरी 7 लाखांच्या आसपास. 20 लाख हा आकडा त्या तक्त्यात कुठेच सापडणार नाही, कारण तो खोटा आहे. शिवाय युलिपला पाच वर्षांचा लॉक-इन असतो. मधेच हप्ता थांबला तर पैसे कमी व्याजाच्या वेगळ्या फंडात जाऊन पडतात आणि पाच वर्षं पुरी होईपर्यंत हाती येत नाहीत. ज्या घरात पुढच्या वर्षीच्या फीचा पत्ता नाही, त्या घराला हे विकणं मला अजिबात पटत नाही.

मग जुनी पॉलिसी चांगली आहे का? नाही. 20 वर्षांत 12 लाख भरून 20 लाख म्हणजे दरसाल पाच टक्क्यांच्याही आतला परतावा. आणि ती पिकेल तेव्हा मुलगा 22 वर्षांचा असेल. बारावीनंतरची फी लागते 18 व्या वर्षी, तेव्हा यातलं काही हाताशी नसेल. तरीसुद्धा ती मोडू नका, आणि याचं कारण नीट समजून घ्या. झालेला तोटा गेल्या 11 वर्षांत होऊन गेला. आज विचारायचं ते इतकंच: 5 लाख 40 हजार घेऊन बाहेर पडलो काय, आणि तेच आत ठेवून आणखी 9 हप्ते भरले काय? आत ठेवले आणि कंपनीने बोनस आजच्यासारखाच दिला, तर या 9 वर्षांतला परतावा सुमारे 9 टक्के येतो, तोही करमुक्त. बोनसची हमी नसते, तेव्हा थोडा कमी धरा. तरीही इतक्या कमी जोखमीत एवढा परतावा तुम्हाला आज दुसरीकडे मिळणं कठीण आहे. वाईट पॉलिसीसुद्धा अर्धी वाट सरल्यावर मोडायची की नाही हे वेगळं गणित करून ठरवायचं असतं. ‘मोडा आणि नवी घ्या’ असं सांगणाऱ्याला नव्या पॉलिसीवर कमिशन मिळतं, हेही लक्षात असू द्या. ही रक्कम मुलाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या किंवा धाकटीच्या फीच्या कामी येईल.

आता अकादमी. खर्च 3 लाखांत थांबत नाही. किट, बूट, मॅचचे प्रवास, सुट्टीत घरी येणं-जाणं धरून साडेतीन लाख समजा. घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि पॉलिसी जाऊन तुमच्याकडे महिन्याला 7 हजार उरतात, वर्षाचे 84 हजार. एजंटच्या योजनेप्रमाणे चाललात तर पहिल्या वर्षी अकादमी आणि युलिप मिळून साडेचार लाख जातील, सरेंडरमधले 90 हजार शिल्लक राहतील. दुसऱ्या वर्षी पुन्हा साडेचार लाख लागतील. तेव्हा हे 90 हजार, दोन वर्षांची बचत आणि दोन वर्षांचे न भरलेले जुने हप्ते सगळं मिळूनही तुमच्याकडे पावणेचार लाखच असतील. मुलगा नववीच्या मध्यावर, नव्या शाळेत, हॉस्टेलमध्ये, आणि फी भरायला पैसे नाहीत. अकादमीतून परत आणावं लागलेलं मूल मी पाहिलं आहे. खेळात कमी पडल्यामुळे नव्हे, पैशामुळे परत यावं लागलं, हे त्याच्या मनातून जात नाही.

बरं, या पैशाने निवड मिळत नाही. पुढची पायरी आहे जिल्हा संघ, मग राज्याचा 16 वर्षांखालील संघ, जो विजय मर्चंट ट्रॉफी खेळतो. नाशिक आणि पुणे दोन्ही महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्याच हद्दीत येतात. नाशिक जिल्ह्याच्या चाचणीत तो आताही उतरू शकतो. तिथे सलग दोन मोसम त्याचं नाव आलं तर अकादमीचा विचार करायला अर्थ आहे. स्पिनरला हवं असतं ते भरपूर बॉलिंग आणि चांगल्या फलंदाजांसमोर मॅच. म्हणून अकादमीला लेखी विचारा की त्याच्या वयाच्या मुलाला मोसमात किती मॅच मिळतात, नेटमध्ये एका बॉलरला किती वेळ मिळतो, गेल्या दोन वर्षांत तिथली किती मुलं जिल्हा किंवा राज्य संघात गेली, आणि मधे सोडलं तर किती फी परत मिळते. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, तर पुढे जाऊ नका.

आणि क्लासचा तो ‘ऑलिम्पियाड कॅम्प’. भारताचा खरा ऑलिम्पियाड कॅम्प मुंबईत मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतो, आणि तिथे पैसे भरून जाता येत नाही. नोव्हेंबरमध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सची कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा असते, NSEJS. त्यातून वरची मुलं पुढच्या राष्ट्रीय फेरीला बसतात, त्यातून देशभरातली तीस-पस्तीस मुलं कॅम्पला जातात आणि शेवटी सहा जणांचा संघ आंतरराष्ट्रीय ज्युनियर सायन्स ऑलिम्पियाडला जातो. कॅम्पला पोचलेल्या मुलांचा प्रवास, राहणं, जेवण केंद्रच करतं. परीक्षेची फी काहीशे रुपये असते. तुमच्या क्लासने केलेली ‘निवड’ ही त्यांच्याच कोचिंगमधला प्रवेश आहे, याहून जास्त काही नाही. 85 हजार त्यासाठी देऊ नका.

म्हणजे पैशांच्या दृष्टीने मुलाला निवड करावी लागणारच नाही. या वर्षी क्रिकेट नाशिकच्याच मैदानावर, चांगल्या कोचकडे, आणि जिल्ह्याची चाचणी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये NSEJS ची नोंदणी उघडली की जन्मतारखेची अट पत्रकात पाहून त्याचं नाव घाला. आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या वेबसाइटवर फुकट आहेत. हा पेपर दहावीपर्यंतच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रावर असतो, त्यामुळे आठवीतल्या मुलाला पहिल्या वर्षी अवघड जाईल. त्याला हे आधी सांगा, म्हणजे कमी मार्क पडले तर तो खचणार नाही. नोव्हेंबरमध्ये मॅच आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या, तर काय सोडायचं ते त्याला ठरवू द्या. ती निवड त्याची आहे, फीची नाही.

तुमच्या 84 हजारांपैकी 25-30 हजार टर्म इन्शुरन्सला, 25 हजार त्याच्या कोचिंग आणि किटला, उरलेले मुलीच्या आणि त्याच्या बारावीनंतरच्या फीसाठी बाजूला. आणि त्या पानावर ‘पप्पांचे 3 लाख’ लिहिलंय, तिथे आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून हे खरे आकडे लिहा.