न्यूटन-राफसन हळू चालतंय? आधी गुणोत्तर काढा

"मॅडम, न्यूटन-राफसन चार-पाच पायऱ्यांत उत्तर देतं असं वर्गात सांगितलंय. माझ्या मैत्रिणीचं तसं येतंही. माझा प्रोग्रॅम मात्र रेंगाळतो. तीनदा पुन्हा लिहिला, तरी तेच. पुढच्या आठवड्यात व्हायवा आहे. मला हे जमणारच नाही का? ब्रँच बदलू का?"

विक्रोळीहून आलेली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. दादरला शनिवारी दुपारी मी अभ्यासाच्या अडचणी घेऊन येणाऱ्या मुलांना भेटते, तेव्हा आली होती. ब्रँचचं नंतर बघू म्हटलं आणि जर्नल उघडायला लावलं. असे प्रश्न नुसते ऐकून सुटत नाहीत, आकडे बघावे लागतात.

पहिली गोष्ट लगेच दिसली. समीकरणं रोल नंबरप्रमाणे वेगवेगळी दिली होती. म्हणजे मैत्रिणीशी तुलना करण्यात काही अर्थच नव्हता. हिच्या वाट्याला आलं होतं x³ − 5x² + 8x − 4 = 0, सुरुवात ३ पासून. प्रोग्रॅमने छापलेले आकडे असे होते: ३, २.६, २.३४७३६८, २.१९३५१७, २.१०४०१४, २.०५४३४७, २.०२७८५६, २.०१४११४. दुसरी आणि तिसरी पायरी आम्ही कॅल्क्युलेटरवर करून पाहिली. तंतोतंत जुळली. प्रोग्रॅममध्ये काही खोट नव्हती.

मग मी विचारलं, "प्रत्येक पायरीला चूक किती पट होते, ते काढलंस का?"

"खरं उत्तर माहीत नसताना चूक कशी काढणार?"

प्रश्न रास्त होता. खरी चूक हाती नसते, पण लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक हाती असतो. चूक दरवेळी ठरावीक पटीने घटत असेल, तर फरकही त्याच पटीने घटतात. म्हणून फरकाला आधीच्या फरकाने भागायचं. तिने पेन्सिलने मांडलं. फरक होते ०.४, ०.२५२६, ०.१५३९, ०.०८९५, ०.०४९७, ०.०२६५, ०.०१३७. त्यांची गुणोत्तरं आली ०.६३, ०.६१, ०.५८, ०.५५, ०.५३, ०.५२.

"हे अर्ध्याकडे चाललंय," ती म्हणाली.

हेच ओळखायचं असतं. गुणोत्तर शून्य आणि एक यांच्यामधल्या एखाद्या संख्येवर स्थिरावत असेल, तर ते रेषीय अभिसरण. न्यूटन-राफसन नेहमीच्या साध्या मुळाजवळ असेल, तर हे गुणोत्तर स्वतःच शून्याकडे पळतं आणि बरोबर अंक दर पायरीला साधारण दुप्पट होतात. गुणोत्तर अर्ध्यावर थांबतंय म्हणजे मूळ दुहेरी आहे. तिहेरी असतं तर दोन तृतीयांशावर थांबलं असतं. नियम असा की मूळ m वेळा आलेलं असेल तर गुणोत्तर 1 − 1/m. तिने अवयव पाडून पाहिले: (x − 1)(x − 2)². उत्तर २, तेही दोनदा. प्रोग्रॅम समीकरणाचा स्वभाव दाखवत होता, आणि ही बिचारी महिनाभर त्याला स्वतःचा कच्चेपणा समजत होती. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक मुलांचं असंच असतं, असं माझं मत आहे.

आता वेगाचं. गुणोत्तर r कळलं, की उरलेला सगळा प्रवास भूमितीश्रेढीने बेरजेत धरता येतो. शेवटच्या फरकाला r/(1 − r) ने गुणलं की राहिलेलं अंतर मिळतं. शेवटचा फरक ०.०१३७४२, गुणोत्तर ०.५१८७, म्हणजे राहिलेलं अंतर ०.०१४८. ते २.०१४११४ मधून वजा केलं की १.९९९३. मूळ आकड्यात चूक ०.०१४१ होती, ती ०.०००७ झाली. एकही नवी पायरी न चालवता वीसपट सुधारणा.

फरकांच्या भाषेत हेच सूत्र असं: लागोपाठचे तीन आकडे घ्या, पहिल्या फरकाच्या वर्गाला फरकांच्या फरकाने भागा, आणि आलेली संख्या तिन्हींतल्या पहिल्या आकड्यातून वजा करा. अलेक्झांडर एटकेन यांनी १९२६ साली बहुपदींची मुळं काढण्याच्या संदर्भात हे मांडलं, म्हणून याला एटकेनची डेल्टा-स्क्वेअर पद्धत म्हणतात. जपानच्या सेकी ताकाकाझू यांनी सतराव्या शतकातच पायची किंमत काढताना हीच युक्ती वापरली होती.

तिने आधीच्या त्रिकुटांनाही हेच लावलं. १.९९२४, १.९९७६, १.९९९३ अशी नवी मालिका मिळाली. ही मालिकाही रेषीयच, फक्त गुणोत्तर लहान. मग तिच्यावर पुन्हा तीच क्रिया केली आणि २.०००२ आलं. तिला हसू फुटलं. फरक, फरकांचे फरक आणि त्यातून आलेल्या आकड्यांवर पुन्हा फरक, हे सगळं त्याच आठ आकड्यांतून.

मूळ दुहेरी आहे हे एकदा कळल्यावर आणखी एक रस्ता उघडतो: दर पायरीची उडी दुप्पट करायची, x − 2f/f'. तिने करून पाहिलं. ३ वरून २.२, मग २.०१५४, मग २.०००१. पण यासाठी m ठाऊक असावा लागतो, आणि तो गुणोत्तरातूनच कळला होता.

एक सावधगिरी तिला मुद्दाम सांगितली. "मग शंभर पायऱ्या चालवून शेवटच्या तिन्हींवर एटकेन लावते," असं ती म्हणाली होती. तसं करू नये. उत्तराजवळ फरक अगदी बारीक होतात आणि जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत बरोबर अंक नाहीसे होतात. दुहेरी मुळाजवळ तर f आणि f' दोन्ही शून्याकडे जातात, त्यामुळे नेहमीच्या दुहेरी अचूकतेतही सात-आठ दशांश स्थळांनंतर आकडे भरकटतात. ओळखायची खूण सोपी आहे. गुणोत्तरांचा रकाना प्रोग्रॅमला छापायला लावा. ०.५०, ०.५० असं शांत चाललेलं एकदम ०.३, १.७, ऋण असं उड्या मारू लागलं, की त्याच्या आधीचेच आकडे धरायचे.

जाताना तिने वहीतलं दुसरं गणित दाखवलं: 1 + 1/4 + 1/9 + … बेरीज, हीसुद्धा हळू. "इथेही एटकेन?" पुन्हा गुणोत्तरंच बघ म्हटलं. दहाव्या पदापाशी ०.८३, विसाव्यापाशी ०.९१, आणि वर सरकतच राहतं, एकाकडे. कुठल्याही आतल्या आकड्यावर थांबत नाही. हे रेषीय अभिसरण नव्हे. इथे n पदांनंतर चूक सुमारे 1/n एवढी उरते, आणि एटकेन लावलं तर ती जेमतेम निम्मी होते. इथे दुसरी युक्ती चालते: वीस पदांच्या बेरजेची दुप्पट करून तीतून दहा पदांची बेरीज वजा करायची. १.५९६१६३ ची दुप्पट उणे १.५४९७६८ म्हणजे १.६४२५५८, आणि खरी बेरीज १.६४४९३४. नुसत्या वीस पदांत जवळजवळ ०.०४९ ची चूक होती.

व्हायवासाठी तिला एवढंच सांगितलं की जर्नलमध्ये गुणोत्तरांचा रकाना वाढव, आणि वेग कमी का असं विचारलं तर तोच रकाना पुढे कर.